टबातून काळे पापुद्रे येतात, मोटर चालू केली की ट्रिप होते – जांबोटी

मलप्रभाकाठ | शनिवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढं आमचं घर आहे. दोन खोल्या पाहुण्यांना देतो. वरच्या खोलीत जेटचा टब आहे, आठ तोंडांचा, अंदाजे अडीचशे लिटर पाणी घेतो. जून ते सप्टेंबर आमच्याकडं पाऊस काय असतो ते इथल्यांना सांगायला नको. त्या चार महिन्यांत टबाला कुणी हात लावला नाही.

परवा दसऱ्यानंतरच्या पाहुण्यांसाठी म्हणून भरला आणि मोटर चालू केली. पहिल्या मिनिटातच तोंडांतून काळे-तपकिरी पापुद्रे बाहेर यायला लागले, भिजलेल्या चहाच्या पत्तीसारखे. वास तुंबलेल्या मोरीसारखा. टब वरून मी स्वतः घासून चकचकीत केला होता, म्हणजे ही घाण आतनं आली. पाणी सोडलं, परत भरलं, परत तेच. तिसऱ्या वेळी दहा मिनिटं चालून खटकन मेन बोर्डातला ईएलसीबी पडला. आता मोटरचं बटण दाबलं की लगेच पडतो. बाकी घरातली लाईट ठीक आहे.

टबाला चारी बाजूनं फरशी लावून बंद केलंय, एका कोपऱ्यात दीड फुटाचं दार आहे. गवंड्यानं तेही सिलिकॉन मारून बंद केलं होतं, ते आज ब्लेडनं कापून उघडलं. आत मोटर थेट जमिनीवर बसवलीय, खाली ओल आहे, बोल्टला गंज. दिवाळीला दोन कुटुंबं येणार आहेत. नळ्या आतनं साफ करायच्या कशा आणि मोटरचं काय करायचं?

---

निपाणीची सून | शनिवार, रात्री १०:१५

भाऊजी, घाबरू नका, आमच्याकडं पण असंच झालं होतं. टब गरम पाण्यानं भरा, त्यात एक बाटली पांढरं व्हिनेगर आणि वर ब्लीच घाला, अर्धा तास चालू ठेवा. दोन्ही एकत्र पडलं की घाण अशी सुटते की बघत राहाल. आमच्या बोअरच्या पाण्यानं तोंडांवर पांढरा थर जमतो, तो व्हिनेगरनंच जातो.

---

उद्यमबागवाला | शनिवार, रात्री १०:३२

ताई, माफ करा, पण हे लगेच थांबवायला हवं म्हणून जेवण अर्ध्यावर ठेवून लिहितोय. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र कधीही घालू नका. ब्लीचमध्ये कुठलंही आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये, गरम पाण्यात, वरून मोटर ते पाणी घुसळत असताना तो नाकातोंडात जातो आणि छातीत बसतो. संडासाचं ॲसिड तर त्याहून वाईट. तुम्हाला त्रास झाला नाही कारण बहुतेक दोन्ही खूप पातळ झालं असेल किंवा खिडकी उघडी असेल.

व्हिनेगर पांढऱ्या थरावर चालतं, हे तुमचं अगदी बरोबर. पण ती वेगळ्या दिवशीची वेगळी फेरी, मधे स्वच्छ पाण्यानं नळ्या धुऊन.

मलप्रभाकाठ, तुमचे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि क्रम मोटरपासून. मोटर ट्रिप होत असताना नळ्या साफ करायला जाऊ नका. तोवर टबात कुणी बसायचं नाही, बोर्डातून त्या लाईनचा एमसीबी खाली पाडून त्यावर चिकटपट्टी लावा. उद्या सविस्तर लिहितो.

---

अण्णा_हलकर्णी | रविवार, सकाळी ७:०५

बोअरच्या मोटरला पावसाळ्यात हे होतंच. स्टार्टरच्या पेटीत पाली, मुंग्या जातात, कॉन्टॅक्टरला ओल धरते. पेटी उघडून सुक्या फडक्यानं पुसा, आत कापराची वडी ठेवा. केबलचा जोड विहिरीवर उघडा असेल तर तो आधी बघा. माझी पाच एचपीची मोटर अशीच चालू झाली.

---

मलप्रभाकाठ | रविवार, सकाळी ७:४०

अण्णा, बोअरची मोटर चांगली चालतेय. ही टबाखालची छोटी, पाऊण एचपीची, टबातलं पाणी ओढून परत तोंडांतून मारणारी.

ताई, काका, दोघांचेही आभार. इलेक्ट्रिशियन काल रात्रीच फोनवर म्हणाला, ईएलसीबी बायपास करून देतो, मोटर चालेल. करावं का?

---

उद्यमबागवाला | रविवार, सकाळी ८:२०

नाही. मी तीस वर्षं मोटरींचं वाइंडिंग भरतोय, म्हणून हात जोडून सांगतो, नाही. तो ईएलसीबी ३० मिलिअँपियरचा असेल. तो पडतो म्हणजे तेवढा करंट न्यूट्रलनं परत न येता दुसरीकडून जमिनीत जातोय. तुमच्या बाबतीत तो मोटरच्या ओल्या वाइंडिंगमधून मोटरच्या अंगात आणि अर्थिंगच्या तारेत जातोय. अर्थिंग कुठं सैल असेल तर त्याला दुसरी वाट लागेल ती पाण्यातून, आणि पाण्यात माणूस बसलेला असतो. ईएलसीबी पडला ही चांगली गोष्ट झाली, त्यानं आपलं काम केलं. त्या इलेक्ट्रिशियनला हे काम देऊ नका.

तुमच्या वर्णनात एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पहिल्यांदा मोटर दहा मिनिटं *चालून* ट्रिप झाली, त्यानंतर बटण दाबताक्षणी. नुसत्या हवेतल्या ओलीनं वाइंडिंग दमट झालं असतं तर पहिल्याच दिवशी, पहिल्याच बटणाला पडला असता. दहा मिनिटं चालल्यावर पडला, म्हणजे चालताना कुठून तरी पाणी मोटरमध्ये गेलं असावं. संशय पंपाच्या सीलवर. पंप आणि मोटर एकाच शाफ्टवर असतात, मधे कार्बन-सिरॅमिकचं सील असतं. ते चार महिने कोरडं पडलं की दोन्ही चकत्या एकमेकींना चिकटतात, त्यावर पाण्यातला थर सुकतो, आणि एकदम चालू केल्यावर कडा तुटते. मग पाणी बारीक थेंबांनी शाफ्टवरून मोटरकडं सरकतं.

पण नुसत्या अंदाजावर सील बदलू नका. एक साधी परीक्षा आहे. एमसीबी पाडलेलाच ठेवा. पंपाखाली कोरड्या वर्तमानपत्राचे तीन तुकडे ठेवा: एक पंपाच्या दोन्ही आट्यांच्या जोडाखाली, एक पंप आणि मोटर जिथं मिळतात तिथं बरोबर खाली, एक मोटरच्या मागच्या पंख्याखाली. टब तोंडांच्या वर भरा, मोटर चालू करायची नाही, अर्धा तास थांबा. मग टॉर्च घेऊन बघा कुठला कागद ओला झालाय.

---

सुहास_टिळकवाडी | रविवार, दुपारी १:१०

माझा अनुभव सांगतो. आमच्या टिळकवाडीतल्या घरी दोन वर्षांपूर्वी बसवलाय. पावसाळ्यात ओल लागू नये म्हणून मी मोटरला जाड प्लास्टिकची पिशवी घालून दोरीनं घट्ट बांधली होती. शिवाय आमचा टब वापरून झाल्यावर वीसेक मिनिटांनी आपोआप हवा मारून नळ्या सुकवतो. तुम्ही पण पाणी सोडल्यावर मोटर अर्धा मिनिट तशीच चालवा, आतलं उरलेलं पाणी बाहेर फेकलं जाईल. आमच्याकडं एकदाही काळं आलं नाही.

---

उद्यमबागवाला | रविवार, दुपारी २:००

सुहास सर, तुमचा टब वेगळ्या जातीचा आहे. तुमच्याकडं ब्लोअर आहे, तो हवा मारतो. तुमच्या नळ्यांतून पाणी फिरतच नाही, म्हणून त्या सुकवता येतात. मलप्रभाकाठांच्या टबात पंप आहे, तो पाणीच ओढतो. तो पाण्याशिवाय अर्धा मिनिट चालवला तरी सील तापतं, कारण त्याला थंड ठेवणारं आणि वंगण देणारं तेच पाणी. कोरडा चालवणं हे या पंपाचं सगळ्यात वाईट मरण. तोंडं बुडालेली नसताना बटण दाबायचंच नाही.

आणि ती प्लास्टिकची पिशवी आज संध्याकाळी काढा. मोटर चालून गरम होते, बंद झाल्यावर गार पडते, पिशवीतली हवा बाहेर जाऊ शकत नाही. मग आतल्या बाजूला दव धरतं आणि ते थेट मोटरवर टपकतं. तुम्ही बाहेरची ओल अडवलीत, पण आतली कोंडली.

---

सुहास_टिळकवाडी | रविवार, सायंकाळी ६:४५

काका, पिशवी काढली. आतून खरंच पाण्याचे मणी होते, आणि नावाच्या पत्र्याच्या चारी स्क्रूंना पांढरट बुरशी धरलेली. धन्यवाद. आता तिथं काय करू? नुसतं उघडं ठेवू?

---

उद्यमबागवाला | रविवार, सायंकाळी ७:१०

उघडं ठेवा, फक्त वरून पाणी पडणार नाही एवढं बघा. दाराला जाळी किंवा झडपा असलेला पत्रा लावा. शक्य असेल तर दोन बाजूंना, एक खाली एक वर, म्हणजे हवा चढते.

---

मलप्रभाकाठ | रविवार, रात्री ८:३०

कागदांची परीक्षा केली. अर्ध्या तासानं आट्यांच्या जोडाखालचा कागद कोरडा, पंख्याखालचा कोरडा. मधल्या कागदावर रुपयाएवढा ओला गोल. जवळून बघितलं तर पंपाच्या मागच्या बाजूनं शाफ्टच्या खाली एक थेंब लटकत होता, तो तयार व्हायला दोन-तीन मिनिटं लागायची. त्या जागी हिरवट-पांढरा ओघळ वाळलेला पण दिसला, म्हणजे हे परवाचं नाही, जुनं दिसतंय.

---

उद्यमबागवाला | रविवार, रात्री ८:५०

सील गेलंय. वाळलेला ओघळ आहे म्हणजे मे महिन्यातही झिरपत असणार. मोटर काढून आणा, नाहीतर जवळच्या चांगल्या रिवाइंडिंगवाल्याकडं द्या. एवढं बघून घ्या:

मोटर उघडायच्या आधी मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, लावायला सांगा, ५०० व्होल्टचा, वाइंडिंग ते बॉडी. एक मेगाओमच्या खाली आलं तर मी मोटर लाईनला जोडत नाही. तुमची बहुतेक खालीच येईल. म्हणून लगेच वाइंडिंग जळालं असं समजून नवीन भरू देऊ नका, ओल्या वाइंडिंगला आधी सुकवून बघायचं असतं. रोटर बाहेर काढून स्टेटर दोन दिवस उन्हात, आणि रात्री पेटीत जुन्या पद्धतीचा शंभर वॉटचा बल्ब लावून ठेवायचा. मग परत मेगर. आकडा चढत गेला तर वाइंडिंग वाचलं. सुकूनही चढला नाही तरच भरायचं.

सील बदलताना पंपाकडचं बेअरिंगही बदला, पाणी आधी तिथंच जातं. आणि नवीन सीलच्या चकचकीत तोंडाला बोट लावू देऊ नका, हाताचं तेल लागलं तरी ते नीट बसत नाही.

---

डॉ_मेघा_शहापूर | सोमवार, सकाळी ९:१५

मोटरबद्दल मला कळत नाही, पण पापुद्र्यांबद्दल बोलावंसं वाटतं. ती नुसती घाण नसते. साबण, अंगाचं तेल आणि उरलेलं पाणी यांवर जंतूंचा चिकट थर वाढतो. अशा पाण्यात बसून आलेल्या लोकांच्या अंगावर एक-दोन दिवसांनी लाल, खाजणारे, पुवाचे बारीक पुरळ येतात, विशेषतः कपड्यांखाली, जिथं ओलं अंग दाबलेलं राहतं. बहुतेकांचं आपोआप बरं होतं. पण मधुमेह असेल, वय जास्त असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल, त्यांच्यासाठी ते बारीक तुषार श्वासात जाणंही धोक्याचं. तुम्ही पाहुण्यांना देता, म्हणजे प्रत्येक पाहुण्यानंतर नळ्या साफ होतात का?

---

मलप्रभाकाठ | सोमवार, सकाळी १०:००

खरं सांगतो डॉक्टर, वरून टब साफ करत होतो, नळ्या कधीच नाही. तिथं साफ करायचं असतं हेच माहीत नव्हतं. गेल्या दिवाळीला तर पाहुण्यांना टबातच तेल-उटणं लावून अभ्यंगस्नान करायला दिलं होतं. फोटोही चांगले आले. आता लक्षात येतंय ते सगळं तेल कुठं गेलं.

---

उद्यमबागवाला | सोमवार, दुपारी १२:३०

तेलाचं पाणी पंपातून फिरलं की नळीच्या आतल्या भिंतीला तेलाचा हात बसतो आणि उटण्याचा भुसा त्यात रुततो. काळा थर धरायला त्यापेक्षा चांगली जागा नाही.

मोटर परत बसली की नळ्यांची सफाई अशी करा. आधी टबातल्या ओढीच्या जाळीचा स्क्रू काढून मागचे केस, धागे काढा आणि जाळी परत बसवा. जाळीशिवाय मोटर कधी चालवायची नाही, लांब केस आत ओढले जातात आणि माणूस पाण्याखाली अडकू शकतो. तोंडांच्या रिंगा हातानं डावीकडं फिरवल्या की निघतात, त्या बादलीत भिजत घाला.

मग टब सगळ्यात वरच्या तोंडाच्या दोन-तीन इंच वर भरा, अंगाला चटका न बसेल इतक्या गरम पाण्यानं. फार कडक पाणी ॲक्रिलिकला आणि जोडांना चांगलं नाही. त्यात डिशवॉशर मशीनची पावडर दोन मोठे चमचे. मशीनचीच, भांडी घासायचा द्रव नको, त्याचा फेस छताला लागेल. ती विरघळली की लिक्विड ब्लीच अर्धा कप. हवेच्या गोल चाव्या बंद ठेवा म्हणजे पाणी पूर्ण जोरानं नळ्यांतून जाईल. पंधरा मिनिटं चालवा, पंधरा मिनिटं बंद ठेवून मुरू द्या, परत पाच मिनिटं. शेवटची दोन मिनिटं हवेच्या चाव्या उघडा, हवेच्या नळीतही थर असतो. सोडून द्या. गार स्वच्छ पाण्यानं भरून दहा मिनिटं, सोडून द्या.

एका फेरीत होणार नाही. तुमच्याकडं तीन-चार लागतील असं वाटतं. धुवायच्या पाण्यात पापुद्रे येणं थांबेपर्यंत.

---

निपाणीची सून | सोमवार, दुपारी ३:२०

काका, चूक लक्षात आली, बरं झालं सांगितलंत. एक विचारू? लिक्विड ब्लीच इथं लगेच मिळत नाही. गावात टाकीत घालायची ब्लीचिंग पावडर मिळते. ती चालेल?

---

उद्यमबागवाला | सोमवार, दुपारी ४:००

ताई, त्या पावडरीत चुना असतो, सगळा विरघळत नाही. खाली साका बसतो, आणि तो तुमच्या नळ्यांच्या खोलगट जागी जाऊन बसेल. तुमचं पाणी आधीच जड आहे. तीच वापरायची वेळ आली तर बादलीत कालवून रात्रभर ठेवा, वरचं नितळ पाणी तेवढं घ्या. पण लिक्विड बरं.

---

मलप्रभाकाठ | शुक्रवार, रात्री ९:१०

अपडेट देतो. मोटर बेळगावला नेली. पहिला मेगर ०.२ आला. दोन दिवस उन्हात आणि रात्री बल्बखाली ठेवल्यावर ८ च्या वर गेला. नवीन भरावी लागली नाही. सील आणि पुढचं बेअरिंग बदललं. जुन्या बेअरिंगला कानाजवळ धरून फिरवलं तर वाळू भरल्यासारखं घरघरायचं.

बसवून आज पहिली फेरी केली. कागद कोरडे, ईएलसीबी पडला नाही. पापुद्रे मूठभर निघाले. दुसऱ्या फेरीत कमी. पण तिसऱ्या फेरीत एक गोष्ट कळेना. पापुद्रे जवळजवळ नाहीत, मात्र ब्लीच घातल्यावर पाच-दहा मिनिटांत सगळं पाणीच चहासारखं तांबूस होतं. चौथ्या फेरीला पण तेच. अजून इतकी घाण आहे का आत?

---

उद्यमबागवाला | शुक्रवार, रात्री ९:४०

पाणी कुठलं वापरताय?

---

मलप्रभाकाठ | शुक्रवार, रात्री ९:४५

अंगणातल्या बोअरचं. लाल माती आहे आमच्याकडं, बादल्यांना पिवळट डाग पडतात, पण काढल्या काढल्या पाणी अगदी स्वच्छ दिसतं.

---

उद्यमबागवाला | शुक्रवार, रात्री १०:०५

मग मला वाटतं हे लोखंड आहे, नळीतली घाण नाही. पाण्यात विरघळलेलं लोखंड दिसत नाही. ब्लीच पडलं की त्याचा गंज होतो आणि पाणी तांबूस दिसतं. खात्री करायची तर नळीला मधे आणूच नका. एका पांढऱ्या बादलीत थेट बोअरचं पाणी घ्या, त्यात एक चमचा ब्लीच घालून अर्धा तास ठेवा. बादलीतलं पाणीही तांबूस झालं तर तुमच्या नळ्यांचा दोष नाही. शिवाय बोटांत चोळून बघा. नळीतला थर बुळबुळीत असतो, चोळला की पसरतो, वास येतो. लोखंडाचा साका बारीक खरखरीत लागतो, वास नाही.

---

मलप्रभाकाठ | शनिवार, सकाळी ८:००

बादलीतलं पाणी अर्ध्या तासात तांबूस, सकाळी तळाशी वीटकरी रंगाचा साका. खरखरीत. मी चार फेऱ्यांत हजार लिटर पाणी आणि बाटलीभर ब्लीच घालवलं ते बहुतेक या लोखंडाला रंग द्यायला!

---

उद्यमबागवाला | शनिवार, सकाळी ९:३०

पहिल्या दोन फेऱ्या वाया गेल्या नाहीत. पण आता तो साका नळ्यांतही थोडा बसला असणार. स्वच्छ पाण्यानं दोनदा धुऊन, ब्लीचचा वास अजिबात उरला नाही हे बघून, *दुसऱ्या दिवशी* सायट्रिक ॲसिडची फेरी करा. किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळतं, २०० ग्रॅम पुरे. पंधरा मिनिटं चालवून सोडा, परत धुवा. ताईंच्या पांढऱ्या थरालाही हेच चालेल. पुढं शक्य असेल तर पावसाच्या साठवलेल्या किंवा गाळलेल्या पाण्यानं टब भरा.

आणि एक काम राहिलंय. पाणी सोडल्यावर एमसीबी पाडा, पंपाचा खालचा जोड हातानं सैल करा, खाली भांडं धरा. किती पाणी येतं सांगा.

---

मलप्रभाकाठ | शनिवार, सायंकाळी ५:३०

तांब्यानं मोजलं, सव्वादोन लिटर. टॉर्च मारून बघितलं तर मागच्या भिंतीकडची नळी मधेच पोट सुटल्यासारखी खाली आलीय, आधार नाही.

---

सुहास_टिळकवाडी | शनिवार, सायंकाळी ६:००

मग मोटर सहा इंच उचलून कडाप्प्यावर बसवा ना, ओलीपासून पण सुटेल, नळी पण सरळ होईल.

---

उद्यमबागवाला | शनिवार, सायंकाळी ७:२०

सुहास सर, ओलीसाठी कल्पना बरोबर, पण नळ्या पंपाकडं उतरत्या आहेत म्हणून पाणी पंपातून बाहेर निघतं. पंप सहा इंच वर गेला तर सगळं पाणी उलटं नळ्यांत थांबेल, आणि जोडांवर ताण येऊन ते गळायला लागतील. फार तर जोडांवर ताण न येता जेवढी उंची मिळते तेवढी, म्हणजे अर्धा-पाऊण इंचाची रबरी पट्टी. त्याऐवजी पोट सुटलेल्या नळीला भिंतीला क्लॅम्प मारून उचला, पंपाकडं थोडा उतार ठेवून. आणि खालच्या ओलीसाठी त्या पेटीच्या आत जमिनीला उतार देऊन एक छोटं भोक मोरीकडं काढा. तिथं पाणी साचत असेल तर मोटर कितीही सुकवा, परत दमट होणार.

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी टब भरून दहा मिनिटं चालवा. सील ओलं राहतं, मोटर गरम होऊन सुकते. बरेच दिवस बंद असेल तर बटण दाबायच्या आधी एमसीबी पाडून मागच्या पंख्याकडून शाफ्ट हातानं फिरतो का ते बघा.

---

डॉ_मेघा_शहापूर | रविवार, सकाळी १०:४०

छान झालं. पण अभ्यंगाचं काय ठरवलंत?

---

मलप्रभाकाठ | रविवार, सकाळी ११:१५

बायकोचं म्हणणं, तेल-उटणं बाथरूमच्या पाटावर, अंग धुऊन मग टबात. माझा भाऊ म्हणतो पाहुणे तेवढ्यासाठीच येतात, तेल टबातच हवं, आपण नंतर साफ करू. काका, प्रत्येक वेळी नंतर साफ केलं तर चालेल का?

---

उद्यमबागवाला | रविवार, दुपारी १२:००

तेल असताना मोटर बंद ठेवून फक्त टबात बसायचं असेल तर नळ्यांत फार जाणार नाही. मोटर चालवून तेल फिरवायचं असेल तर त्याच दिवशी सफाई हवी, गार पडायच्या आत. दोन कुटुंबांमधे तेवढा वेळ मिळतो का ते तुम्हीच बघा. माझं मत वहिनींच्या बाजूनं.

---

निपाणीची सून | रविवार, दुपारी २:२५

लिंबूसत्वाची फेरी केली आज. आमच्या टबाच्या आठातली तीन तोंडं बंद आहेत असं वाटत होतं, ती परत चालू झाली. एकातून अजून जोर कमी येतो. रिंग काढून बघितली तर स्वच्छ आहे, मागं काहीतरी असेल का?

---

उद्यमबागवाला | रविवार, दुपारी ३:००

त्या तोंडाची हवेची बारीक नळी बंद असू शकते. चालू असताना तोंडापुढं हात धरा आणि हवेची चावी उघडा. पाण्यात बुडबुडे आले नाहीत तर तीच. रिंग काढून फोटो टाका, मागचं बारीक छिद्र दिसेल असा.